फुगडीचा तेवढा तुकडा काढ

ताई, आम्ही दोघी पाचवीपासूनच्या मैत्रिणी. श्रावणात तिच्या सुनेची पहिली मंगळागौर झाली. फुगडी खेळताना माझा हात सुटला, मी पडले, साडी गुडघ्याच्या वर गेली आणि उठताना मला रडू आलं. सगळ्या हसत होत्या. तिच्या मुलाने सगळं शूट केलं. पूर्ण व्हिडिओ तिने यूट्यूबवर टाकून नातेवाइकांना लिंक पाठवली. माझ्या पडण्याचा तुकडा घालून मुलाने इन्स्टाग्रामवर रील केलं आणि तेच रील आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं. तिथे सगळ्यांनी हसरे चेहरे टाकले, मीही टाकला. आता आठ दिवस झाले. मुलीच्या कॉलेजातल्या मैत्रिणींनीही ते पाहिलंय. मला ते नको आहे, पण ती इतकी आनंदात आहे की सांगायचं कसं कळत नाही. मेसेज लिहिते आणि खोडते. काय लिहू?
– एक वाचक, सांगली

तुम्ही टाकलेल्या त्या हसऱ्या चेहऱ्यापासून सुरुवात करते. मला वाटतं, तुमचा मेसेज तिथेच अडतोय. आपण स्वतःच हसलो, मग आता कुठल्या तोंडाने सांगायचं, असं मनात येतं. वीस-पंचवीस जणी हसत असताना एकटीने गप्प राहणं अवघड असतं आणि अशा वेळी बहुतेक जणी हसतात. त्या क्षणी हसलात म्हणून व्हिडिओ कायमचा लोकांसमोर राहू द्यायला तुम्ही होकार दिलात, असं होत नाही. मेसेजमध्ये हे एका वाक्यात स्वच्छ लिहा. नाही तर मैत्रीण तेच पुढे करेल: ‘अगं, तू पण तर हसलीस!’ तिला तसं म्हणायची वेळच येऊ देऊ नका.

लिहायला बसण्याआधी व्हिडिओ पुन्हा एकदा पाहा. नकोसं वाटेल, पण एकदाच पाहायचा आहे, हातात कागद घेऊन. यूट्यूबवर तुमचा तुकडा किती मिनिटं, किती सेकंदांवर सुरू होतो आणि कुठे संपतो ते टिपून घ्या. फक्त पडण्याचे सेकंद टिपू नका. पडण्याआधी कुणी तुमचं नाव घेऊन ‘सावकाश गं’ ओरडलं असेल, उठल्यावर कॅमेरा तुमच्या चेहऱ्यावर रेंगाळला असेल, मागे हशा सुरूच असेल. मधलं पडणं तेवढं कापलं आणि हशा तसाच राहिला, तर बघणाऱ्याला लगेच कळतं की इथून काहीतरी काढलंय, आणि मग काय काढलं याची चौकशी सुरू होते. म्हणून ती फुगडी जिथे सुरू होते तिथून पुढचा खेळ, झिम्मा किंवा पिंगा, सुरू होईपर्यंतचा सगळा भाग मागा. समजा, तो 6:31 ते 7:12 आहे. एक्केचाळीस सेकंद गेल्याने सुनेच्या मंगळागौरीचं काही उणं होत नाही आणि सांधा दिसत नाही.

त्याच वेळी आणखी एक पाहा. व्हिडिओच्या बाहेर दिसणारं चित्र, म्हणजे यूट्यूबचं थंबनेल आणि रीलचं कव्हर, तुमच्या पडण्याचंच आहे का? गमतीचा क्षण म्हणून मुलं नेमका तोच फोटो बाहेर लावतात. आतला भाग कापूनही तो फोटो तसाच राहू शकतो, त्यामुळे तो वेगळा सांगून बदलून घ्यावा लागतो. दोन्ही लिंक आणि एकेक स्क्रीनशॉट तुमच्याजवळ ठेवा. पुढे कधी तक्रार करायची वेळ आलीच, तर तेवढं पुरतं.

आता तीन जागांचं तीन वेगळं आहे. हे मेसेजआधी माहीत असलं की मागणं नेमकं करता येतं आणि मैत्रिणीला ते करणं सोपं जातं.

यूट्यूबवरचा व्हिडिओ टाकून झाल्यावरही मधून कापता येतो. लिंक तीच राहते, व्ह्यूज आणि कमेंट तशाच राहतात. तिने ज्या नातेवाइकांना लिंक पाठवली, त्या सगळ्यांना आपोआप कापलेला व्हिडिओ दिसतो, कुणाला पुन्हा काही पाठवावं लागत नाही. कॉम्प्युटरवर studio.youtube.com उघडायचं, तो व्हिडिओ निवडायचा, Editor मध्ये जायचं, Trim & cut घ्यायचं, New cut करून 6:31 ते 7:12 हा पट्टा आखायचा आणि Save करायचं. अडचण एकच आहे. Save केल्यावर यूट्यूब नवा व्हिडिओ तयार करत बसतं, त्याला काही तासही लागू शकतात आणि तोवर लोकांना जुनाच दिसतो. म्हणून कापण्याआधी व्हिडिओ Private करून ठेवायचा आणि नवा तयार झाल्यावर पुन्हा खुला करायचा. Unlisted पुरत नाही, कारण ज्यांच्याकडे लिंक आहे त्यांना तो दिसतच राहतो, आणि लिंक तर सगळ्या नातेवाइकांकडे आहे.

मुलगा कदाचित म्हणेल की कापायचं कशाला, चेहरा धूसर करतो. यूट्यूबमध्ये ती सोय आहेच. पण तुमच्या बाबतीत ती घेऊ नका. ज्यांच्यासमोर तुम्हाला संकोच वाटतो ती सगळी ओळखीची माणसं आहेत. ती तुम्हाला साडीवरून, आवाजावरून, शेजारी कोण उभं आहे त्यावरून ओळखतील. धूसर चेहऱ्याची बाई उलट जास्त नजरेत भरते.

इन्स्टाग्रामवर टाकून झालेल्या रीलमधून मधला भाग कापता येत नाही. कॅप्शन बदलता येते, कव्हर बदलता येतं, चित्रीकरण तेच राहतं. म्हणजे ते रील उतरवायचं आणि हवं तर तुमच्याशिवायचं नवं टाकायचं, एवढाच मार्ग. त्यात जुने लाइक आणि कमेंट जातात. हे तिच्यापासून लपवू नका, मेसेजमध्ये सांगून टाका. नंतर कळलं तर तिला वाटेल की तुम्ही सोपं आहे म्हणून गळ्यात मारलं. मात्र तातडीचा उपाय इथे चांगला आहे. रील आर्काइव्ह करता येतं. मिटवावं लागत नाही, लाइक-कमेंट आत शाबूत राहतात, पण बाहेर कुणाला दिसत नाही. रात्री झोपण्याआधी मोबाइलवर अर्ध्या मिनिटात होणारं काम आहे, त्यामुळे पहिलं मागणं हेच ठेवा. तुम्हाला त्यात टॅग केलं असेल, तर तो टॅग तुम्ही स्वतः आत्ताच काढू शकता, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. रील इन्स्टाग्रामवरून फेसबुकवरही गेलं असेल, तर तिथलं वेगळं काढावं लागतं. हेही एका ओळीत विचारा.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपचं मात्र मन घट्ट करून ऐका. सगळ्यांसाठी डिलीट करण्याची मुदत दोन दिवसांपेक्षा थोडीच जास्त असते. तुमचे आठ दिवस झाले. आता टाकणाऱ्यालाही ते सगळ्यांच्या फोनमधून काढता येणार नाही आणि ग्रुपच्या ॲडमिनलाही नाही. शिवाय ते ज्यांच्या गॅलरीत उतरलंय किंवा ज्यांनी पुढे पाठवलंय, त्या प्रती आपल्या हातात नाहीत. ग्रुपवर ‘कृपया माझा व्हिडिओ पुढे पाठवू नका’ असं लिहावं का? माझं मत, लिहू नका. आठ दिवसांत ते वर सरकून गेलंय. तुम्ही लिहिलंत की ज्यांनी पाहिलं नव्हतं त्याही शोधून पाहतील. एखादीने पुढे पाठवल्याचं तुम्हाला ठाऊक असेल, तर तिला एकटीला सांगा. आणि मैत्रिणीने तो ग्रुपवर पुन्हा कधी टाकू नये एवढं तिच्याकडून कबूल करून घ्या. ग्रुपमधलं पुसलं जात नाही म्हणून बाकीचं सोडून देऊ नका. अनोळखी माणसांपर्यंत पोचतं ते इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवरून. तिथलं थांबलं की वाढणं थांबतं.

आता मेसेज. तो तिला एकटीला पाठवा, ग्रुपवर नाही, रीलखाली कमेंट करूनही नाही. लिहूनच पाठवा. व्हॉइस मेसेजमध्ये आवाज भरून येतो, आपण भरकटतो आणि मिनिट-सेकंद तर कुणाच्या लक्षातच राहत नाहीत. मला सुचतो तो असा:

“अगं, मंगळागौरीचा व्हिडिओ पाहिला. सूनबाई फार गोड दिसतेय. त्यातला एक तुकडा मात्र काढ. मी फुगडीत पडले तो. मला तो लोकांसमोर नकोय. ग्रुपवर मी तेव्हा हसले, पण मला आवडलं नव्हतं, सगळ्यांसमोर बोलता आलं नाही. इन्स्टाचं रील आज रात्री आर्काइव्ह कर आणि नंतर त्या तुकड्याशिवाय परत टाक. लाइक जातील, ते मला कळतंय, तरी सांगतेय. यूट्यूबवर फक्त 6:31 ते 7:12 कापायचंय, लिंक तीच राहते. ते रविवारपर्यंत केलंस तरी चालेल, पण कापेपर्यंत Private ठेव. आणि ग्रुपवर तो परत टाकू नकोस. कसं करायचं ते खालच्या मेसेजमध्ये लिहिलंय, तो मुलाला पाठव.”

तुमच्या तोंडी बसतील असे शब्द बदला. ती तुम्हाला ‘ए बये’ म्हणत असेल तर तुम्हीही तसंच लिहा. पण काही गोष्टी बदलू नका. सुनेचं कौतुक एकच वाक्य आहे आणि ते खरं आहे. ते चार वाक्यांचं केलंत, तर पाचव्या वाक्याला तिला वाटेल की हा सगळा मस्का यासाठी होता. ‘नकोय’ हे सरळ आहे. ‘जमलं तर बघ’, ‘तुला योग्य वाटलं तर’, ‘रागावणार नसशील तर’ असं लिहिलं की निर्णय तिच्याकडे जातो आणि तो पुढे ढकलणं तिला सोपं होतं. दोन वेगळ्या मुदती दिल्या आहेत, कारण एक काम अर्ध्या मिनिटाचं आहे आणि दुसऱ्याला कॉम्प्युटरपुढे बसावं लागतं. सगळं ‘लगेच कर’ म्हटलं, तर अवघड कामापायी सोपंही राहून जातं.

आणि एक कळकळीने सांगते. ‘आमच्या ह्यांना आवडलं नाही’, ‘सासूबाई काहीतरी बोलल्या’ असं लिहू नका. आपल्याकडे हे सर्रास होतं, कारण नवऱ्याच्या नावावर सांगितलं की मैत्रीण वाद घालत नाही. पण मग बोलणं तुमच्या नवऱ्याच्या स्वभावावर जातं. ती त्यांना फोन करून ‘भावोजी, एवढं काय’ म्हणेल, ते बिचारे ‘मला काही नाही हो’ म्हणतील आणि तुमचं मागणं तिथेच संपेल. मुलीचंही नाव घेऊ नका. तुम्हाला नको आहे, हे कारण पुरेसं आहे. पडल्याची लाज वाटली की साडीची की रडण्याची, ते फोडून सांगायची गरज नाही. जितकी कारणं द्याल तितक्या जागी ती ‘त्यात काय एवढं’ म्हणू शकेल.

दुसरा मेसेज मुलासाठी आहे. खातं तो चालवतो, म्हणजे हात त्याचेच लागणार. ती हा पुढे पाठवणार, म्हणून त्यात तुमच्या मनातलं काहीच नको, फक्त काम: “यूट्यूब: आधी Visibility मध्ये Private. मग कॉम्प्युटरवर Editor, Trim & cut, 6:31 ते 7:12, Save. नवा व्हिडिओ तयार झाला की परत Public. थंबनेल फुगडीचं असेल तर बदल. इन्स्टा: रील आज आर्काइव्ह, फेसबुकवर गेलंय का पाहा, गेलं असेल तर तिथूनही काढ. परत टाकताना फुगडीचा भाग नको.” मुलाला थेट पाठवायचा मोह होईल, तो पटकन करेलही. पण आईला बाजूला ठेवून केलंत तर ती दुखावेल आणि ते दुखणं व्हिडिओपेक्षा जास्त दिवस टिकेल. तिनेच ‘त्याच्याशी बोल’ म्हटलं तर खुशाल बोला.

तिचं पहिलं उत्तर बहुधा ‘वेडी आहेस का, किती मस्त आलंय ते, सगळ्या खूश आहेत’ असं असेल. त्यात वाईट हेतू नाही. तिच्या घरातलं पहिलं मंगळागौरीचं जागरण होतं, तिला व्हिडिओत सून दिसते, तुम्ही नाही. वाद घालू नका, पडणं किती वाईट दिसतं ते पटवू नका. एवढंच लिहा: “तुला मस्त वाटलं हे कळतंय. मला नको आहे. आज रील आर्काइव्ह कर, प्लीज.” ‘सगळ्या लाइक करतायत, आता काढलं तर विचारतील’ म्हणाली, तर तिला सांगायला वाक्य द्या: ‘नीट एडिट करून परत टाकतेय.’ ते खरंही आहे. ‘मला त्यातलं काही येत नाही’ म्हणाली, तर तिच्याकडे जा किंवा तिला लॅपटॉप घेऊन बोलवा, शेजारी बसून करा. समोरासमोर अर्ध्या तासात जे होतं ते मेसेजवर आठवडाभर लोंबकळतं. तिने वाचून उत्तरच दिलं नाही, तर दुसऱ्या दिवशी फोन करा. फोनवर नवीन काही बोलू नका, मेसेजच वाचून दाखवल्यासारखं सांगा.

आणि ती ‘नाही काढत’ म्हणाली तर? एवढ्या वर्षांची मैत्रीण असं म्हणेल असं मला वाटत नाही, पण तुम्हाला माहीत असावं. यूट्यूबकडे खासगीपणाची तक्रार करता येते. व्हिडिओत तुम्ही ओळखू येता आणि तुमची संमती नाही, एवढं त्यात सांगायचं, सोबत तीच मिनिटं-सेकंद द्यायची. आधी व्हिडिओ टाकणाऱ्याशी बोला असं यूट्यूबच सुचवतं, ते तुमचं झालेलं असेल. तक्रारीनंतर साधारणपणे टाकणाऱ्याला स्वतःहून कापायला किंवा काढायला 48 तास दिले जातात. त्यानंतरही तसाच राहिला तर यूट्यूब स्वतः तपासून ठरवतं, आणि काढेलच अशी खात्री नसते. घरगुती समारंभातलं पडणं आहे, ते कदाचित नाहीही म्हणतील. इन्स्टाग्रामवर रिपोर्ट करता येतं, तिथेही तेच. पोलिसांकडे जावं असं हे प्रकरण मला दिसत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 ई हे कलम शरीराच्या खासगी भागांच्या चित्रणाबद्दल आहे. साडी गुडघ्यावर जाणं त्यात बसत नाही. पण पुन्हा पाहताना त्याहून जास्त काही दिसतंय असं आढळलं, तर रविवारपर्यंत थांबू नका. मैत्रिणीला लगेच फोन करून तो खाली उतरवायला सांगा, आणि नाही उतरवला तर cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा.

तिने ‘केलं गं’ असं कळवलं की स्वतः पाहून घ्या, पण तिच्यावर संशय घेतल्यासारखं नको. मुलीच्या फोनवरून लिंक उघडा, 6:25 पासून अर्धा मिनिट पाहा, मागे हशा उरलाय का, थंबनेल बदललंय का ते बघा. काही राहिलं असेल तर त्याच दिवशी मिनिट-सेकंदासकट सांगा, ‘राहू दे आता’ म्हणू नका. नीट झालं असेल तर तिला तसं कळवा आणि मग सुनेविषयी निवांत बोला. नवरात्रात भोंडल्याला पुन्हा त्याच जणी जमणार आणि तो मुलगा पुन्हा मोबाइल घेऊन उभा राहणार. त्या दिवशी खेळ सुरू व्हायच्या आधीच मैत्रिणीला म्हणा, टाकायच्या आधी मला दाखव.